टांगलेल्या जड दोरावरची पल्स: ताणाची सरासरी कुठे फसवते

प्रश्न: २० मीटर लांबीचा, सगळीकडे सारख्या जाडीचा दोर छताला टांगला आहे. खालच्या टोकाला आडवा झटका दिला तर पल्स छतापर्यंत पोचायला किती वेळ लागेल? मी सरासरी ताण mg/2 धरला, त्यावरून वेग काढला आणि वेळ २ सेकंद आला (g = 10 घेऊन). उत्तर मात्र 2√2, म्हणजे २.८३ सेकंद दिलं आहे. सरासरी घेतली तर बिघडतं कुठे? शिवाय अगदी खाली ताण शून्य, म्हणजे वेगही शून्य. मग पल्स निघतेच कशी? आणि दोराचं वस्तुमान दिलेलंच नाही, ते लागत नाही का?

उत्तर:

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना हा दोर दरवर्षी माझ्या वर्गात येतो, आणि तुमचे २ सेकंदही दरवर्षी येतात. सरासरी ताण mg/2 हा बरोबर आहे. वेगाचं सूत्र बरोबर आहे. त्या ताणाला पल्सचा वेग सेकंदाला १० मीटर येतो, हेही बरोबर. अडचण शेवटच्या पायरीत आहे: तो वेग दोराच्या फक्त एका जागेचा आहे आणि तुम्ही तो सगळ्या दोराला लावला. त्या पायरीपर्यंत मी पहिल्यापासून जातो, कारण तुमच्या उरलेल्या दोन शंकांची उत्तरंही त्याच वाटेवर आहेत.

उंची नेहमी खालच्या टोकापासून मोजा. ही सवय एकदा लावून घेतली की अर्ध्या चुका होतच नाहीत. खालच्या टोकापासून y उंचीवर दोर मनातल्या मनात कापा. कापाच्या खाली y लांबीचा तुकडा लोंबतोय. तो पडत नाही, कारण वरचा दोर त्याला धरून आहे. त्या धरण्याचं बळ म्हणजेच तिथला ताण, आणि तो खालच्या तुकड्याच्या वजनाइतकाच असणार. एक मीटर दोराचं वस्तुमान μ म्हटलं, तर

T(y) = μ g y

वरचा दोर कितीही लांब असो, या ताणात त्याचा काही वाटा नाही. पुष्कळ जण उंची छतापासून मोजतात आणि ताण μ g y असाच लिहितात. मग छताशी ताण शून्य आणि खाली सर्वात जास्त असं उलटं चित्र तयार होतं. या प्रश्नात तरीही वेळ बरोबरच येतो, कारण आकडेमोड दोन्ही बाजूंनी सारखी आहे. म्हणून ती चूक उघडकीला येत नाही. "मध्यापासून वरपर्यंत किती वेळ" असं विचारलं की मात्र लगेच फसगत होते.

आता वेग. ताणलेल्या दोरीवर आडवी पल्स √(T/μ) या वेगाने जाते. वाकलेला छोटा तुकडा सरळ करायला ताण ओढतो आणि त्या तुकड्याची जडता त्याला विरोध करते, वेग या दोघांच्या गुणोत्तरातून ठरतो. ताण जागोजागी बदलत असला तरी हे सूत्र त्या त्या जागी लावता येतं, कारण पल्सला फक्त ती जिथे आहे तिथल्या दोराचाच ताण जाणवतो. वरची किंमत भरली की

v(y) = √(μ g y / μ) = √(g y)

वस्तुमान इथेच निघून जातं. त्याच लांबीचा दुप्पट जड दोर घेतला तर प्रत्येक जागी ताण दुप्पट होतो, पण हलवायच्या तुकड्याची जडताही दुप्पट होते. सारख्या जाडीच्या २० मीटर सुती दोरावर आणि २० मीटर लोखंडी साखळीवर पल्स सारख्याच वेळात वर पोचते. म्हणून वस्तुमान प्रश्नात दिलेलं नाही.

पण हे निघून जाणं "सारख्या जाडीचा" या शब्दांवर टिकून आहे. वर जाड आणि खाली निमुळता दोर घ्या, ज्याचं दर मीटरचं वस्तुमान खालच्या टोकापासूनच्या उंचीच्या प्रमाणात वाढतं. खालच्या तुकड्याचं वजन आता y² च्या प्रमाणात वाढेल, कापापाशी असलेली जडता y च्या प्रमाणात. हिशेब केला तर v² = g y / 2 येतो आणि त्याच २० मीटरला २.८३ ऐवजी ४ सेकंद लागतात. इथेही एकूण वस्तुमान उत्तरात नाही, पण ते दोराच्या लांबीवर कसं पसरलं आहे याला मात्र महत्त्व आलं. तेव्हा प्रश्नात "एकसमान" हा शब्द दिसला नाही, तर √(g y) डोळे मिटून लिहू नका, आधी ताण काढा.

आता तुमच्या दोरावर वेग कसा बदलतो ते पाहू. तळापासून २० सेंटिमीटरवर पल्सचा वेग सेकंदाला १.४१ मीटर आहे. ५ मीटरवर तो ७.०७, मध्यावर म्हणजे १० मीटरवर बरोबर १०, आणि छताशी १४.१. तळाशी वेग झपाट्याने वाढतो. वर गेल्यावर तेवढीच वाढ व्हायला जास्त उंची चढावी लागते. मात्र उंचीऐवजी वेळेच्या हिशेबाने पाहिलं तर चित्र एकदम सोपं होतं. v² = g y हे समीकरण तुम्ही ओळखता. स्थिर त्वरणाने निघालेल्या वस्तूचं v² = 2 a y असतं. दोन्ही शेजारी ठेवा, a = g/2 मिळतं. म्हणजे पल्स दोरावर गुरुत्व त्वरणाच्या निम्म्या त्वरणाने, आणि सबंध दोरभर त्याच एका त्वरणाने वर चढते. मग शून्यापासून L अंतर जायला लागणारा वेळ शाळेतल्या सूत्राने निघतो:

L = ½ (g/2) t²
t = 2 √(L/g)

L = 20 आणि g = 10 भरले की 2√2. इंटिग्रेशन करायचं असेल तर dt = dy/√(g y) घेऊन ० ते L करा, तेच उत्तर येईल. वर्गात मी दोन्ही पद्धती दाखवतो. इंटिग्रेशनची वाट कुठल्याही दोराला चालते. त्वरणाची वाट फक्त v² हा y सोबत सरळ रेषेत बदलत असेल तेव्हाच चालते, पण तिथे ती अर्ध्या मिनिटात संपते.

आता सरासरीकडे येऊ. सरासरी ताणाचा वेग १० मीटर प्रतिसेकंद, आणि हा वेग पल्सला फक्त मध्यावर असतो. खालच्या अर्ध्या दोरात ती याहून हळू जाते, वरच्या अर्ध्यात याहून वेगाने. "म्हणजे एकमेकांची भरपाई होईल" असं वाटतं, आणि नेमकं तिथेच चुकतं. हळू भागात पल्स जास्त वेळ घालवते, वेगवान भागातून ती चटकन निघून जाते. वेगवान भागात वाचलेला वेळ हळू भागात गेलेल्या वेळेपेक्षा कमीच पडतो. तुमच्याच दोरात खालच्या १० मीटरला २ सेकंद लागतात आणि वरच्या १० मीटरला फक्त ०.८३ सेकंद.

आकडे पुन्हा वाचा: खालच्या अर्ध्याला बरोबर २ सेकंद. म्हणजे तुमचं उत्तर हे पल्स मध्यावर पोचण्याची वेळ आहे. हा योगायोग नाही, लांबी कितीही घेतली तरी हेच होणार. मध्यावरचा वेग v असेल, तर स्थिर त्वरणामुळे तिथपर्यंतचा वेळेप्रमाणे सरासरी वेग v/2. अंतर L/2. त्यामुळे वेळ L/v, आणि सरासरी ताणाची पद्धत नेमकं हेच L/v देते. छतापासून त्याच क्षणी एक दगड सोडला, तर २० मीटर पडायला त्यालाही २ सेकंदच लागतात. दगड दोराच्या तळाच्या पातळीला येतो तेव्हा पल्स मध्यावर असते. दोघांची वाटेत गाठ पडते ती तळापासून एक तृतीयांश उंचीवर, तुमच्या दोरात ६.६७ मीटरवर, निघाल्यापासून १.६३ सेकंदांनी. हे स्वतः करून पाहा. एकाचं त्वरण g खाली, दुसरीचं g/2 वर, आणि दोघांची मिळून अंतरं L.

काही विद्यार्थी ताणाऐवजी वेगाची सरासरी लांबीवर काढतात. प्रत्येक मीटरवरचा वेग घेऊन सरासरी केली तर ती छतापाशी असलेल्या वेगाच्या दोन तृतीयांश येते, म्हणजे ९.४३, आणि वेळ २.१२ सेकंद. हेही चूक, कारण लांबीच्या बाजूने जाताना बेरीज वेगांची होत नसते. बेरीज होते ती प्रत्येक मीटर ओलांडायला लागलेल्या वेळेची, म्हणजे 1/v ची. त्याची लांबीवर सरासरी काढा: मीटरला ०.१४१४ सेकंद. गुणिले २०, बरोबर २.८३. किंवा वेगाची सरासरी वेळेवर काढा: स्थिर त्वरण आहे, म्हणून शून्य आणि १४.१४ यांच्या मधोमध, ७.०७. भागा २० ला, पुन्हा २.८३. कुठलीही सरासरी घेण्याआधी एवढाच प्रश्न विचारा की ही राशी मी कशावर पसरवतोय, लांबीवर की वेळेवर.

तळाच्या शून्य वेगाची शंका तुम्ही विचारलीत याचा मला आनंद झाला, कारण बहुतेक जण सूत्रात किमती भरून पुढे जातात. साधं उत्तर असं, की शून्य वेग असूनही त्वरण शून्य नाही. हातातून सोडलेल्या दगडाचाही पहिल्या क्षणाचा वेग शून्यच असतो, तरी तो पडतो. इंटिग्रेशनमध्ये 1/√y तळाशी अनंत होतं, पण त्याखालचं क्षेत्रफळ मर्यादित राहतं, म्हणून वेळ मर्यादित येतो.

हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. dy/dt = √(g y) या समीकरणाला y = g t²/4 हे जसं एक उत्तर आहे, तसंच y = 0 हेही आहे: पल्स कायम तळाशीच बसून राहते! गणित या दोनांतून निवड करत नाही. निवड करतो तो तुमचा हात. प्रत्यक्षात दोराच्या टोकाच्या बिंदूला कोणी झटका देत नाही. आपण बोटांत काही सेंटिमीटर दोर धरतो आणि पल्स त्याच्या वरून सुरू होते. त्यामुळे खरा हिशेब शून्यापासून न करता y₀ या छोट्या उंचीपासून करायला हवा:

t = (2/√g) (√L − √y₀)

y₀ किती छोटा असला म्हणजे दुर्लक्ष करता येईल? इथे वर्गमुळामुळे फसायला होतं. ५ सेंटिमीटर म्हणजे २० मीटरचा चारशेवा भाग. पण चारशेव्या भागाचं वर्गमूळ विसावा भाग असतो, म्हणून वेळ तब्बल ५ टक्क्यांनी घटतो, २.८३ वरून २.६९ सेकंदांवर येतो. पहिले २० सेंटिमीटर, म्हणजे लांबीचा फक्त एक टक्का, एकूण वेळेचा दहावा भाग खातात. पहिला चतुर्थांश दोर अर्धा वेळ खातो. या प्रश्नात सगळं काही तळाशी ठरतं, आणि पुस्तकातलं सूत्र प्रत्यक्षाशी जुळत नाही तेही तळाशीच.

म्हणूनच खाली वजन बांधलं की चित्र पार बदलतं, आणि परीक्षेत हाच प्रकार जास्त येतो. दोराचं वस्तुमान m, खाली M वस्तुमानाचा ठोकळा. ताण आता (M + μ y) g. तळाशी तो शून्य नाही. याला पाहण्याची एक रीत मला फार आवडते: ठोकळा काढून टाका आणि त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा तसलाच दोर खाली जोडला आहे असं समजा. त्या काल्पनिक दोराची लांबी h = M L / m. तुमचा २० मीटरचा दोर २ किलोचा असेल आणि ठोकळा ६ किलोचा, तर h = ६० मीटर. आता खऱ्या दोराच्या प्रत्येक जागी ताण ८० मीटर लांब मोकळ्या दोरातल्यासारखाच आहे. पल्सला खाली ठोकळा आहे की दोर हे कळत नाही, तिला ताण कळतो. तेव्हा वेळ म्हणजे ८० मीटर चढायचा वेळ वजा ६० मीटर चढायचा वेळ:

t = 2 (√(80/10) − √(60/10)) = 2 (2.828 − 2.449) = 0.76 s

मोकळ्या दोराला २.८३ लागत होते, आता पाऊण सेकंद. त्वरण अजूनही g/2 च आहे, कारण v² = g (y + h) मधला y चा गुणक बदललेला नाही. फरक एवढाच की पल्स शून्यातून निघत नाही. तळाशीच तिचा वेग सेकंदाला २४.५ मीटर असतो आणि छताशी २८.३.

आणि इथे तुमची सरासरी ताणाची पद्धत लावून पाहा. मध्यावरचा ताण घेतला तर वेग √(10 × 70) = २६.५ आणि वेळ ०.७५६ सेकंद. बरोबर उत्तर दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत ०.७५८. जवळजवळ तेच! तेव्हा सरासरी ताण ही सरसकट चुकीची पद्धत नाही. दोराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताण थोडासाच बदलत असेल, तर ती उत्तम चालते. ताण शून्यापासून सुरू होत असेल, तर मात्र ती २९ टक्के कमी वेळ देते. मोबाइल आणि रेडिओच्या उंच मनोऱ्यांना आधार देणाऱ्या तारांचा ताण तपासण्याची एक रूढ पद्धत हीच आहे: तारेला झटका द्यायचा, पल्स वर जाऊन परत येण्याचा वेळ मोजायचा आणि त्यावरून ताण काढायचा. तिथे तारेतला ताण तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून एकच सरासरी ताण धरून भागतं.

आता प्रत्यक्ष करून पाहायचं असेल तर. मी हे विद्यार्थ्यांकडून जिन्याच्या मोकळ्या जागेत करून घेतो. वरच्या मजल्याच्या कठड्याला मऊ, जाडसर सुती दोर पक्का बांधायचा, खालचा भाग जमिनीला न टेकता लोंबता ठेवायचा. ५ मीटर दोर पुरे. g = 9.8 घेतला तर 2√(L/g) हा १.४३ सेकंद येतो. स्टॉपवॉचने हे मोजू नका. वेळ लहान आहे आणि बोटाचा उशीर त्यात मिसळतो. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, दोरावर दर अर्ध्या मीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करा आणि पल्सचा शेंडा कुठल्या फ्रेमला कुठल्या खुणेशी आहे ते टिपा.

पहिल्याच व्हिडिओत वेळ बहुधा १.४३ पेक्षा बराच कमी निघतो, आणि मग "सूत्र चुकीचं आहे का" अशी चर्चा सुरू होते. आधी दोराचं खालचं टोक बघा. सुती दोराचे पदर सुटू नयेत म्हणून टोकाला गाठ मारलेली असते. एका चांगल्या गाठीत सहज २० सेंटिमीटर दोर जातो. मघाचाच हिशेब करा: ही गाठ म्हणजे h = 0.2 मीटरचा ठोकळा. गाठीच्या वर दोराची लांबी ५ मीटर धरली तर

t = (2/√9.8) (√5.2 − √0.2) = 1.17 s

दोराच्या वजनाच्या फक्त ४ टक्क्यांची गाठ, आणि वेळ १८ टक्के कमी! गाठ सोडा, टोकाला चिकटपट्टीचा एक पातळ वेढा द्या. दुसरं कारण दोराचा ताठरपणा. √(T/μ) हे सूत्र दोर अगदी लवचीक आहे असं धरून आहे. तळाच्या हातभर भागात ताण इतका कमी असतो की दोराच्या पिळाचा ताठपणा ताणापेक्षा वरचढ ठरतो, आणि तिथे पल्स सूत्राहून वेगाने निघते. नायलॉनच्या ताठ दोरीत हे स्पष्ट दिसतं, साखळीत जवळजवळ दिसत नाही.

या दोन्ही गोष्टींपासून सुटका करून घ्यायची साधी युक्ती म्हणजे तळाचा भाग मोजमापातून वगळणं. ५ मीटर दोरात १.२५ मीटरच्या खुणेपासून वरपर्यंतचा वेळ मोजा. तो एकूण वेळेच्या बरोबर निम्मा, ०.७१ सेकंद यायला हवा. किंवा सगळ्या खुणांचे √y काढून वेळेसमोर आलेख मांडा. y = g t²/4 असल्याने √y = (√g/2) t, म्हणजे सरळ रेषा, चढ सुमारे १.५७. तळाशी ताठरपणा असेल किंवा हात उंच धरला असेल तर पहिले एक-दोन बिंदू रेषेवरून सरकतात आणि रेषा शून्यातून जात नाही, पण वरच्या भागाचा चढ तसाच राहतो. गाठीचं लक्षण वेगळं आहे. तिथे तळाकडचे बिंदू सरळ रेषेत बसतच नाहीत, रेषा वक्र होते. y ऐवजी y + 0.2 घेऊन पुन्हा आलेख काढला की ती सरळ होते. वेळ चुकली तर कशामुळे चुकली हे आलेखाच्या आकारावरूनच कळतं, म्हणून फक्त एकूण वेळ मोजून थांबू नका.

व्हिडिओ पाहताना आणखी एक गोष्ट दिसेल. पल्स वर चढताना पसरट आणि ठेंगणी होत जाते. कारण सोपं आहे. एखाद्या खुणेवरून पल्स जायला जेवढा वेळ लागतो तो सगळ्या उंचीवर सारखाच असतो, कारण तो तुमच्या हाताच्या झटक्याने ठरवलेला आहे. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच वेळात ती दुप्पट लांबी व्यापते. हाच मुद्दा परीक्षेत तरंगलांबीच्या रूपात येतो: वारंवारता बदलत नाही, तरंगलांबी वेगाच्या प्रमाणात बदलते. मघाच्या ६ किलोच्या ठोकळ्याच्या दोरात छताशी असलेली आणि तळाची तरंगलांबी यांचं गुणोत्तर √(8/6), म्हणजे १.१५. इथे सरासरी काढायची गरजच नाही, दोन टोकांचे ताण पुरेत.

उंची कमी होते ती ऊर्जेमुळे. वाटेत ऊर्जा वाया जात नाही असं धरलं, तर पल्सची उंची वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ५ मीटरवरून २० मीटरवर जाताना वेग दुप्पट, लांबी दुप्पट आणि उंची सुमारे ०.७१ पट. छताशी टोक बांधलेलं असल्याने पल्स उलटी होऊन परत फिरते आणि खाली येताना हेच सगळं विरुद्ध दिशेने घडतं: आखूड होते, उंच होते, तिचा उतार तीव्र होत जातो. २० मीटर दोरावर ती निघाल्यापासून ५.६६ सेकंदांनी खाली पोचते आणि मोकळं टोक चाबकासारखं फटकन उडतं. त्या शेवटच्या थोड्या अंतरात दोराचा कल लहान राहत नाही, आणि √(g y) हे सूत्र लहान कल धरूनच काढलेलं आहे. तेव्हा परतीच्या प्रवासाचा वेळ मोजायचा असेल तर टोक उडण्याची वाट पाहू नका. पल्स वर जाताना आणि खाली येताना १.२५ मीटरच्या खुणेवर कधी असते ते दोन क्षण टिपा. ५ मीटरच्या दोरात त्या दोन्हींत १.४३ सेकंदांचं अंतर यायला हवं.